विक्री-परताव्याचे विश्लेषण : कारण-संकेत आणि बॅच

दुकानांतून आणि वितरकांकडून परत आलेल्या मालाची नोंद करताना प्रत्येक नगाला ‘का परत आला’ हे सांगणारा ठरावीक संकेत आणि ‘कोणत्या बॅचचा’ हे सांगणारा क्रमांक जोडायचा, आणि या दोहोंच्या आडव्या-उभ्या तक्त्यावरून पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या दोषाचे मूळ कारखान्यात शोधायचे, अशी ही पद्धत आहे. औषधे, वाहनांचे सुटे भाग, घरगुती उपकरणे यांत ती वापरली जाते. या नोंदीत पाकीटबंद फरसाणाचे, विशेषतः चिवड्याचे उदाहरण घेतले आहे. चिवड्याचे दोष थोडे आहेत, ते ओळखता येतात, आणि प्रत्येकाचे कारण वेगळ्या यंत्रात किंवा वेगळ्या कच्च्या मालात असते.

कारण-संकेत

चिवड्यासाठी सहा-सात संकेत पुरतात : मऊ पडला, कुबट वास, पाकीट फाटले, हवा गेली, वजन कमी, किडा किंवा बाहेरची वस्तू, मुदत संपली. यादी वीस-पंचवीस संकेतांपर्यंत वाढवली, की माल उचलणारा विक्रेता पहिला दिसेल तो संकेत टाकतो किंवा सगळे ‘इतर’मध्ये ढकलतो. ‘इतर’चा वाटा दहांत एकापेक्षा जास्त झाला, तर आधी यादी दुरुस्त करावी आणि विश्लेषण नंतर करावे.

त्याहून मोठी अडचण सोयीच्या संकेताची आहे. बहुतेक ठिकाणी ‘डॅमेज’ आणि ‘एक्स्पायरी’ यांची भरपाई विनाचौकशी मिळते, तर ‘वास येतो’ म्हटले की नमुना पाठवा, फोटो पाठवा, असा व्याप होतो. साहजिकच वितरक मऊ पडलेली पाकिटेही डॅमेजमध्ये घालतो. काही दुकानदार तक्रारीची पाकिटे बाजूला ठेवतात आणि चार महिन्यांची मुदत उलटली की एक्स्पायरीच्या मालाबरोबर देतात, त्यामुळे कारणही हरवते आणि तारीखही. म्हणून नोंदीत दोन रकाने हवेत. एकात दुकानदाराने सांगितलेले कारण आणि दुसऱ्यात गोडाऊनमध्ये पाकीट हातात घेऊन, दाबून, फोडून ठरवलेले कारण. विश्लेषण दुसऱ्या रकान्यावर करायचे. पहिल्याचा उपयोग कोणता वितरक काय लपवतो हे कळण्यासाठी होतो.

संकेतांच्या जोड्याही बोलक्या असतात. सील गळत असेल, तर बाहेरची दमट हवा आत येऊन पोहे आधी मऊ पडतात आणि वास मागाहून येतो. पाकीट घट्ट फुगलेले, चिवडा कुरकुरीत आणि तरी कुबट वास असेल, तर संशय तेलावर किंवा शेंगदाण्यावर जातो, सीलवर नाही. ‘मऊ’ आणि ‘वास’ हे दोन्ही ‘खराब’ या एकाच संकेतात कोंबले, तर हा सर्वांत उपयोगी धागाच तुटतो.

बॅच क्रमांक कुठे हरवतो

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर बॅच किंवा लॉट क्रमांक छापणे भारतात बंधनकारक आहे, त्यामुळे तो पाकिटावर असतोच. पण जीएसटीच्या बीजकावर बॅच लिहिण्याची सक्ती नाही. परताव्याची क्रेडिट नोट बीजकाच्या आधारे निघते, म्हणून हिशेबाच्या संगणकात किती नग आणि किती रुपये परत आले एवढेच उरते. मग कोणी ‘आधी आलेला माल आधी विकला गेला असणार’ असे धरून बॅचचा अंदाज बांधतो. हा अंदाज बऱ्याचदा चुकतो, कारण गोडाऊनमध्ये नवी खोकी पुढे आणि जुनी मागे राहतात. क्रमांक पाकिटावरूनच घ्यावा. शाई पुसली असेल तर ‘वाचता येत नाही’ असे लिहावे, अंदाज भरू नये.

क्रमांकात दिवस, यंत्र आणि पाळी तिन्ही यायला हवीत. दिवसभराच्या मालाला एकच क्रमांक असेल आणि तो दोन यंत्रांवर भरला असेल, तर एका यंत्राचा दोष दुसऱ्याच्या चांगल्या मालात विरून जातो. छापात भरण्याची वेळ मिळाली, तर शोध तासापर्यंत आणता येतो.

छेद आणि वय

महिन्याचा परतावा भागिले महिन्याची विक्री हा आकडा सर्वत्र काढला जातो, आणि बॅचच्या दोषासाठी तो फसवा आहे. दिवाळीच्या महिन्यात चिवड्याची विक्री फुगते, म्हणून टक्का खाली येतो. पुढच्या महिन्यात विक्री ओसरते आणि दिवाळीचाच माल परत येतो, म्हणून टक्का चढतो. दोन्ही महिन्यांत गुणवत्ता तीच असू शकते.

छेदात त्या बॅचची बाहेर गेलेली पाकिटे घ्यावीत आणि सर्व बॅचेस एकाच वयाला तोलाव्यात, उदाहरणार्थ कारखान्यातून निघाल्यापासून ४५ दिवसांपर्यंतचा परतावा. नाहीतर नव्या बॅचेस नेहमीच निर्दोष दिसतात, कारण त्या अजून दुकानात पोहोचायच्या असतात.

मोजणीतही एक खाच आहे. एका दुकानाने चोवीस पाकिटांचे अख्खे खोके परत केले, तर त्या चोवीस तक्रारी नाहीत. एक दुकान, एक बॅच, एक कारण मिळून एक घटना धरावी. नग मोजले तर एखादे ओले झालेले खोके पूर्ण बॅचला बदनाम करते.

उदाहरण

पुढील आकडे पद्धत स्पष्ट करण्यासाठी घेतले आहेत. फिल्म म्हणजे ज्यापासून पाकीट बनते ती प्लास्टिकची गुंडाळी. २०० ग्रॅम चिवड्याच्या सहा बॅचेस, प्रत्येकी १२,००० पाकिटे, ४५ दिवसांतल्या घटना :

| बॅच | भरणी यंत्र | फिल्मचा लॉट | घटना |
|---|---|---|---|
| ३१ | १ | क | १६ |
| ३२ | २ | क | २१ |
| ३३ | २ | क | १४ |
| ३४ | २ | ख | ४७ |
| ३५ | १ | ख | १९ |
| ३६ | २ | ख | ५२ |

३४ आणि ३६ नजरेत भरतात. त्या वगळून उरलेल्या चार बॅचेसची सरासरी १७.५ येते. अशा विरळ घटनांच्या मोजणीत नैसर्गिक चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणून वरची मर्यादा सरासरी अधिक वर्गमुळाची तिप्पट अशी धरतात. स्प्रेडशीटमध्ये सरासरी `B2` मध्ये असेल तर :

```
=B2+3*SQRT(B2)
```

उत्तर सुमारे ३० येते. ३२ व्या बॅचच्या २१ घटना या मर्यादेत आहेत, त्यामुळे त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. ४७ आणि ५२ मात्र योगायोगाने येणारे आकडे नाहीत. बॅचेसचे आकार वेगवेगळे असतील, तर आधी दर हजार पाकिटांचा दर काढून प्रत्येक बॅचची अपेक्षित संख्या वेगळी काढावी लागते.

आता कारणे. चांगल्या चार बॅचेसच्या ७० घटनांत ‘मऊ’ १८ आणि ‘वास’ १५ होत्या. ३४ आणि ३६ मिळून ९९ घटनांत ‘मऊ’ ६८ आणि ‘वास’ १७ आहेत. म्हणजे दर बॅचमागे वास ३.७५ वरून ८.५ वर गेला, पण मऊपणा ४.५ वरून ३४ वर. दोष तेलापेक्षा सीलकडे बोट दाखवतो.

याच टप्प्यावर वितरकही तपासावेत. या दोन बॅचेसचा परतावा एकाच वितरकाकडून आला असता, तर त्याच्या पत्र्याच्या गोडाऊनकडे किंवा पावसात भिजलेल्या गाडीकडे पाहावे लागले असते. खूण साधी आहे : एकच बॅच सगळीकडून परत येत असेल तर कारण कारखान्यात, आणि एकाच ठिकाणाहून सगळ्या बॅचेस परत येत असतील तर कारण त्या ठिकाणी. इथे पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा तिन्ही भागांतून, जेवढा माल गेला त्या प्रमाणात, तक्रारी आल्या असे धरू.

तक्त्यातला खरा धडा ३३ आणि ३५ या निर्दोष बॅचेस देतात. ३३ यंत्र २ वरच भरली होती, तेव्हा दोष एकट्या यंत्राचा नाही. ३५ ला फिल्म ख लॉटचीच होती, तेव्हा दोष एकट्या फिल्मचाही नाही. दोन्ही एकत्र आले तेव्हाच पाकिटे गळली. ‘फिल्म खराब आहे’ म्हणून पुरवठादाराला माल परत केला असता, तर यंत्रातला दोष तसाच राहिला असता.

कारखान्यातली पडताळणी

परताव्याचा तक्ता केवळ संशयित दाखवतो. सिद्धता राखून ठेवलेल्या नमुन्यांवर होते. प्रत्येक बॅचची काही पाकिटे कारखान्यात ठेवलेली असतात. ती निर्वात करता येणाऱ्या पारदर्शक भांड्यात पाण्याखाली धरून हवा खेचली, की गळक्या जागेतून बुडबुडे निघतात. उभ्या भरणी यंत्राच्या पाकिटात पाठीमागचा उभा सील वरच्या आणि खालच्या आडव्या सीलला जिथे छेदतो, तिथे फिल्मचे जास्त थर येतात आणि उष्णता आतपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. बुडबुडे याच नाक्यावरून निघाले, तर आडवा सील दाबून चिकटवणाऱ्या तापलेल्या जबड्याचे तापमान किंवा दाब कमी पडतो आहे. आडव्या सीलवर कुठेही विखुरलेले निघाले, तर पोह्यांचा चुरा किंवा तेल सीलमध्ये अडकते आहे, आणि तिथे तापमान वाढवून उपयोग नाही. माल पडण्याची आणि जबडे मिटण्याची वेळ जुळवावी लागते.

उदाहरणात बुडबुडे नाक्यावर आले. यंत्र २ च्या पडद्यावर १५० अंश दिसत होते, पण स्पर्श-तापमापीने जबड्याचे टोक मोजले तर १३८ भरले, कारण एक हीटर मंदावला होता. क लॉटची फिल्म तेवढ्या उष्णतेत चिकटत होती. ख लॉटच्या आतल्या थराला थोडी जास्त लागत होती. उपाय हीटर बदलण्याचा आहे. नुसता आकडा वाढवला, तर जबड्याचा धडधाकट भाग फिल्म आक्रसवतो आणि नवा दोष जन्माला येतो.

संशय तेलावर असता, तर पाकिटातले तेल किती खवट होऊ लागले आहे हे दाखवणारा पेरॉक्साइड अंक काढतात. पण खवटपणा फार पुढे गेला की पेरॉक्साइड मोडून तो अंक पुन्हा उतरतो, म्हणून जुन्या परत मालावर एकट्या या अंकाचा भरवसा धरू नये. चव आणि वासही नोंदवावा.

उशीर

४५ दिवसांचा निकष स्वच्छ असला तरी मंद आहे. आठवड्याला एक बॅच निघत असेल, तर दोष कळेपर्यंत आणखी सहा बॅचेस बाजारात गेलेल्या असतात. मऊपणाच्या तक्रारी लवकर येतात, म्हणून त्या एका संकेतासाठी १५ दिवसांची वेगळी मर्यादा ठेवणे फायद्याचे ठरते. घटना तेव्हा थोड्या असतात आणि चुकीचे इशारेही येतात, पण राखीव नमुने पाण्यात बुडवून पाहायला अर्धा तास लागतो, एवढा खर्च परवडतो.

कारण सापडल्यावर ३६ नंतरच्या, यंत्र २ वर ख लॉटने भरलेल्या सर्व बॅचेस शोधून डेपोतली खोकी थांबवावी लागतात, त्यांत अजून एकही तक्रार आलेली नसली तरी. हीटर बदलल्यानंतरच्या बॅचेस पुन्हा त्याच ४५ दिवसांना तोलायच्या. तोवर दर तासाला यंत्रावरून घेतलेल्या पाकिटांची गळती-चाचणी हाच पुरावा असतो.