पीएच.डी. प्रगती अहवाल : झालेले काम, विलंब आणि सुधारित आराखडा

पीएच.डी.चा संशोधक ठरावीक काळाने आपल्या कामाचा जो लेखी हिशेब देतो त्याला प्रगती अहवाल म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार संशोधकाला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करून थोडक्यात अहवाल द्यावा लागतो. प्रगती असमाधानकारक वाटली तर समिती कारणे नोंदवून उपाय सुचवते. ते उपाय अमलात आले नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही ती करू शकते. या टांगत्या तलवारीमुळेच बहुतेक अहवालांची भाषा गुळमुळीत होते.

मुंबईतले एक कल्पित उदाहरण घेऊ. ठाणे खाडीच्या गाळातील जड धातूंचे प्रमाण ऋतूनुसार कसे बदलते, हा विषय आहे. ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यान सहा ठिकाणे ठरली. प्रत्येक ठिकाणाहून पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तीन-तीन नमुने घ्यायचे, म्हणजे एकूण 54. जानेवारीतल्या अहवालाच्या पहिल्या मसुद्यात एवढेच होते : 'नमुने गोळा करण्याचे काम बहुतांशी पूर्ण झाले असून विश्लेषण प्रगतिपथावर आहे.' वाक्य खोटे नाही, पण त्यावरून समितीला काहीच ठरवता येत नाही.

फेरलेखनात आधी 'झाले' या शब्दाची मर्यादा आखावी लागते. मे आणि ऑगस्टचे मिळून 36 नमुने जमा झाले, वाळवून दळून झाले आणि यंत्रावर मोजूनही झाले. तरीही प्रबंधात वापरता येतील असे आकडे फक्त मेच्या 18 नमुन्यांचे आहेत. धातूंचे प्रमाण आधीच प्रमाणित केलेला संदर्भ-गाळ प्रत्येक खेपेत नमुन्यांबरोबर मोजतात. ऑगस्टच्या खेपेत त्यातले क्रोमियम प्रमाणित मूल्यापेक्षा बरेच कमी आले. त्या वेळी प्रयोगशाळेतले हायड्रोफ्लुओरिक आम्ल संपले होते, म्हणून नमुने केवळ अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात विरघळवले होते. हायड्रोफ्लुओरिक आम्लाशिवाय नुसत्या अम्लराजाने सिलिकेट खनिजे पूर्ण फुटत नाहीत, त्यांत अडकलेले क्रोमियम तळाशीच राहते आणि आकडा कमी दिसतो. म्हणजे जमा केलेल्या कामाचे प्रमाण दोन-तृतीयांश असले तरी पूर्ण झालेले काम एक-तृतीयांशच आहे. हे दोन आकडे शेजारी लिहिले की 'बहुतांशी' या शब्दाची गरजच उरत नाही.

विलंबाच्या भागात दोन गोष्टी येतात, आणि त्या एकत्र केल्या की घोळ होतो. ऑगस्टच्या खेपेचा दोष प्रयोगशाळेतला आहे : आम्ल वेळेत मागवले नाही आणि पद्धत मध्येच बदलली. पण गाळाची पूड शिल्लक आहे, त्यामुळे आम्ल आल्यावर काही आठवड्यांत पुन्हा मोजणी होते. दुसरा विलंब परवानगीचा. खाडीचा बराच भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय गाळ उचलता येत नाही. समजा, आधीची परवानगी ऑक्टोबरअखेर संपली आणि नवी जानेवारीत हाती आली. कागदावरचा उशीर दोन-अडीच महिन्यांचा, पण नोव्हेंबर-डिसेंबरची ठरलेली खेप हुकली, म्हणून प्रत्यक्ष नुकसान वर्षभराचे. कारण किती काळ टिकले आणि त्याने वेळापत्रक किती ढकलले, हे वेगळे लिहावे लागते. इथे पहिलाच आकडा देऊन थांबण्याचा मोह फार होतो. नूतनीकरणाचा अर्ज कधी केला ती तारीखही हवी, नाहीतर सगळे खापर सरकारी कार्यालयावर फुटते. वरिष्ठांना हे आवडेलच असे नाही, कारण आम्ल मागवण्याची सही बहुधा मार्गदर्शकांचीच असते.

सुधारित आराखड्यात जुनी तारीख पुसायची नसते. तिच्या शेजारी नवी लिहायची. पुनर्मोजणी मार्चपर्यंत, तिसऱ्या ऋतूचे नमुने येत्या नोव्हेंबरात, परवानगीच्या नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी जुलैमध्ये. मग पुढचा हिशेब. प्रवेशापासून कमाल मुदत सहा वर्षांची आहे, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना याशिवाय दोन वर्षांची सवलत आहे. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मात्र पाच वर्षांनी थांबते. या संशोधकाच्या प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला साडेतीन वर्षे झाली असतील, तर नोव्हेंबरपर्यंत थांबणे नोंदणीच्या मुदतीत सहज बसते. पण लेखनाचे शेवटचे महिने विद्यावेतनाविना काढावे लागण्याची शक्यता आहे. आराखड्यात हे स्पष्ट असावे, कारण समितीपुढचा खरा प्रश्न तिथेच उभा राहतो : थांबायचे की दोनच ऋतूंवर प्रबंध करायचा? दुसरा मार्ग निवडला तर पावसाळ्यानंतर धातू पुन्हा साठतात का, याचे उत्तर प्रबंधात मिळणार नाही. ऋतुबदलाचा दावा तेवढा आवरावा लागेल, आणि शीर्षकात 'ऋतुनिहाय' असेल तर शीर्षकबदलाचा अर्ज याच बैठकीत ठेवावा लागेल.