साडेपाच आणि साडेनऊ: अर्ध्या तासाचं गणित

कोजागिरीला आमच्याकडे खळ्यात दूध आटवतात आणि ताई ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून व्हिडिओ कॉलवर येते. २०२५ साली कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. ठरलं होतं की आमचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तिचे रात्रीचे साडेनऊ, गणपतीतल्या आरतीच्या कॉलला हाच हिशोब बरोबर बसला होता. पण त्या दिवशी तिचा फोन साडेचारलाच आला. मी भाताच्या मळणीत, फोन घरात चार्जिंगला, आणि साडेपाचला मी लावला तर ती कंटाळून झोपलेली. दोघंही आपापल्या घड्याळाप्रमाणे बरोबर होतो हीच तर गंमत!

आधी अर्ध्या तासाचं बघू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाते ती, म्हणून ८२.५ गुणिले ४ बरोबर ३३० मिनिटं, झाले ग्रीनिचच्या शून्य रेखांशाच्या पुढे साडेपाच तास. आपली रत्नागिरी साधारण ७३.३ अंशावर, त्यामुळे आपला सूर्य डोक्यावर यायला घड्याळाच्या बारानंतर वर्षाच्या सरासरीने आणखी ३७ मिनिटं लागतात. ॲडलेडवाल्यांनी १८९९ पासून साडेनऊ तास घेतलेत. त्यांची १४२.५ अंशाची रेषा तर त्यांच्या राज्यातून जातच नाही, शेजारच्या व्हिक्टोरियातून जाते. म्हणजे प्रमाणवेळ हा माणसांनी केलेला ठराव आहे, सूर्याने नाही. (म्हणूनच आपल्याकडच्या छापील कॅलेंडरातला राहुकाळ बघून ताईच्या तिकडच्या वास्तुशांतीची वेळ ठरवणाऱ्या काकांची मला कमाल वाटते, राहुकाळ मांडतात सूर्योदय ते सूर्यास्ताचे आठ भाग करून, आणि तिकडचा सूर्योदयच वेगळा! मुळात मला तो प्रकारच पटत नाही, पण निदान चुकीच्या गावचा तरी नको.)

वेळ बदलायची तर सरळ उडी मारायची नाही, मध्ये यूटीसीवर उतरायचं. यूटीसी म्हणजे सगळं जग ज्याच्यापासून पुढेमागे मोजतं ती वेळ. आपली वेळ २४ तासांत लिहा, साडेपाच म्हणजे १७:३०. त्यातून ५:३० वजा केले की १२:०० यूटीसी. त्यात ॲडलेडचे ९:३० मिळवले की २१:३०, म्हणजे रात्रीचे साडेनऊ. दोन्हीकडे अर्धा तास असल्यामुळे तो आपोआप कटला आणि फरक सरळ चार तासांचा झाला. दादा मस्कतला असतो, तिथे पूर्ण चार तास आहेत, मग तेच १२:०० अधिक ४ म्हणजे त्याचे दुपारचे चार, फरक दीड तासाचा. अर्धा एकाच बाजूला असला की तो शिल्लक राहतो, एवढंच लक्षात ठेवायचं. कॅल्क्युलेटरवर मात्र करू नका, तिथे १७.१५ मधून ५.३० गेले की ११.८५ येतात, खरं उत्तर ११:४५ आहे, कारण तास शंभराचा नाही, साठाचा.

मग आमचं चुकलं कुठे? साउथ ऑस्ट्रेलियात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास पुढे करतात, ती त्यांची उन्हाळी वेळ. त्या वर्षी तो रविवार होता ५ ऑक्टोबर, बरोबर कोजागिरीच्या आदल्या दिवशी! तिकडचे ९:३० झाले १०:३०. आता उलट हिशोब करा, तिचे २१:३० वजा १०:३० म्हणजे ११:०० यूटीसी, अधिक ५:३० म्हणजे आमचे १६:३०. साडेचार! गणपतीत फरक चार तासांचा होता, आता पाच. भारतात घड्याळ कधी हलत नाही म्हणून आपल्याला हे सुचतच नाही, आणि ताईचा फोन रातोरात आपोआप बदलला म्हणून तिलाही जाणवलं नाही.

फोनच्या कॅलेंडरमध्ये कॉल टाकताना म्हणूनच "जीएमटी अधिक साडेनऊ" असं न टाकता शहर निवडा, `Australia/Adelaide`. मी आधी आकडा बघून `Australia/Darwin` निवडलं होतं, तिथेही साडेनऊच तास आहेत, पण डार्विनमध्ये उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे ऑक्टोबर ते एप्रिल एक तासाने चुकणारच. आणि तारीखही लिहा, आपल्या रात्री साडेआठला उन्हाळी वेळेत तिकडे दुसऱ्या दिवसाचे दीड वाजलेले असतात.

तिकडे घड्याळ परत मागे जातं एप्रिलच्या पहिल्या रविवारी, २०२६ ला ५ एप्रिलला. म्हणून पाडव्याचा कॉल पाच तासांच्या फरकाने आणि अक्षय तृतीयेचा चार तासांच्या, असं आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय.