लेखनभेद सांभाळणारा मराठी शोध

विचारणाऱ्याचे लेखन आणि साठवलेल्या मजकुराचे लेखन तंतोतंत जुळले नाही तरी हवा तो मराठी मजकूर सापडावा, यासाठी शोधयंत्रणेत केलेली योजना. ऱ्हस्व-दीर्घ व अनुस्वाराचे भेद, रोमन अक्षरांत टाइप केलेली मराठी आणि दोन लिप्यांची सरमिसळ या तिन्ही गोष्टी तिच्या कक्षेत येतात. काय एकरूप करायचे यापेक्षा कोणत्या टप्प्यावर करायचे, हा इथला कळीचा प्रश्न आहे.

पहिली अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दऱ्या’ या शब्दातले जोडाक्षर दोन प्रकारे साठवलेले आढळते:

```
U+0931 U+094D U+092F
U+0930 U+094D U+200D U+092F
```

पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात आणि युनिकोडचे प्रमाण सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली; त्यामुळे तोच स्वर कुठे अ आणि ॅ जोडून, तर कुठे ‘ऍ’ असा लिहिलेला सापडतो. ‘बँक’ आणि ‘बॅंक’ हीदेखील अशीच जोडी. ही रूपे सूची बनवण्यापूर्वीच एक करावीत, कारण त्यात अर्थ हरवत नाही. फक्त क्रम सांभाळावा लागतो. वरच्या दुसऱ्या रूपातले U+200D हे अदृश्य चिन्ह आधीच गाळून टाकले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरांतल्या दऱ्या शोधणाऱ्यासमोर समुद्र येतो. आधी ‘ऱ’ करून घ्यायचा, मग उरलेली अदृश्य चिन्हे काढायची.

ऱ्हस्व-दीर्घाचे तसे नाही. १९६२च्या लेखननियमांआधीच्या छपाईत ‘कवि’, ‘नांव’, ‘करणें’ अशी रूपे आहेत, शिवाय आजच्या लेखनातही ‘मूल’चे ‘मुलाला’ होते. म्हणून वेलांटी-उकाराचा भेद सोडावासा वाटतो. पण ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ हे वेगळे शब्द आहेत, आणि ‘घरात’ व ‘घरांत’ यांतला फरक वचनाचा आहे. हिंदीसाठी लिहिलेले नियम जसेच्या तसे लावणे तर अधिकच वाईट: चंद्रबिंदूचा अनुस्वार केला की ‘बँक’चे ‘बंक’ होते. म्हणून प्रत्येक शब्द दोन रूपांत साठवणे बरे, एक मूळ लेखनाचे आणि एक सैल. सैल रूपाने उमेदवार गोळा करायचे आणि मूळ लेखन जिथे जुळते ते वर आणायचे. भेद पुसून टाकला तर तो परत मिळवता येत नाही. गुणांकनापुरता राखून ठेवला तर कामी येतो.

रोमन लेखनात संदिग्धता आणखी वाढते. कोणी `gandul khat` असे टाइप केले, असे धरू. पहिल्या शब्दात a म्हणजे अ किंवा आ, d म्हणजे द किंवा ड, u म्हणजे उ किंवा ऊ, l म्हणजे ल किंवा ळ. n हा अनुस्वारच मानला तरी १६ रूपे होतात. दुसऱ्या शब्दाची खत, खात, खट, खाट अशी चार. मिळून ६४ जोड्या. त्या सगळ्या शोधत बसायची गरज नसते. आधी सूचीत खरोखर असलेले शब्द तेवढे ठेवायचे: पहिल्या जागी ‘गांडूळ’ आणि ‘गांडुळ’ उरतात, दुसऱ्या जागी मात्र एकाहून अधिक शब्द टिकतात. मग कोणते दोन शब्द मजकुरात शेजारी येतात ते पाहायचे. ‘गांडूळ’शेजारी ‘खाट’ क्वचितच येईल, ‘खत’ नेहमी येते. म्हणूनच `vel` असा एकटाच शब्द आला तर ‘वेळ’ की ‘वेल’ हे ठरवायला आधार नसतो, आणि दोन्ही दाखवणेच प्रामाणिक ठरते.

रोमन शब्द मराठी की इंग्रजी, हेही शब्दागणिक ठरवावे लागते. `to`, `pan`, `man` हे इंग्रजी शब्द आहेत आणि तो, पण, मनही आहेत. इंग्रजीतले किरकोळ शब्द गाळणारी यादी आधी चालवली तर ‘तो’ निघून जातो. उलट `project` हा अक्षरांवरून ‘प्रोजेक्ट’पर्यंत भरवशाने पोहोचत नाही, अशा शब्दांसाठी वेगळी यादीच लागते.

एकाच शब्दात दोन लिप्या आल्या की चूक सहज नजरेतून सुटते. `PDFमध्ये` हा युनिकोडच्या सर्वसाधारण शब्दसीमा-नियमांनुसार एकच शब्द ठरतो, कारण दोन्ही बाजूंना अक्षरेच आहेत. मग `PDF` शोधणाऱ्याला तो मजकूर सापडत नाही. लिपी बदलते तिथे शब्द तोडला की ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय सुटे होते.

यंत्रणा नीट चालते का, हे तपासायला एकच प्रश्न चार लेखनांत विचारून पहिले दहा निकाल ताडून पाहावेत. त्यासोबत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांसारख्या, कधीही एक होऊ नयेत अशा जोड्यांचीही यादी ठेवावी; निकाल वाढले याचा अर्थ शोध सुधारला असा होत नाही. टंकनदोषांसाठी एका अक्षराची सूट देणारी पद्धत तर लांब शब्दांपुरतीच ठेवावी, कारण ‘मन’, ‘मान’, ‘मत’ यांसारख्या लहान शब्दांत एक चिन्ह किंवा एक अक्षर बदलले की नवा शब्दच तयार होतो.