पट्टीत उरलेल्या अकरा गोळ्या

मालवण तालुक्यातल्या वाड्यांमधून पावसाळ्यात आशाताईंबरोबर फिरताना एक गोष्ट मला घरोघर दिसते. फळीवर किंवा देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात झिंकच्या गोळ्यांची पट्टी असते. पट्टी चौदा गोळ्यांची, त्यातल्या तीन दिलेल्या आणि अकरा तशाच. विचारलं की आई सरळ सांगते, "जुलाब थांबले मा ताई, मगे गोळी कित्याक?" तिच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबरच आहे. घरातली बाकीची औषधं आजार संपला की थांबतात. ही गोळी मात्र जुलाब थांबल्यावरही द्यायची असते. चौदा दिवसांचा हा आकडा कुठून आला, ते कळलं की उरलेल्या अकरा गोळ्यांचा अर्थ लागतो.

झिंक म्हणजे आपलं जस्त. माणसाच्या शरीरात त्याची कमतरता पडू शकते, हे 1960 च्या आसपासपर्यंत कोणी फारसं मानत नव्हतं. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद तेव्हा इराणमधल्या शिराझला काम करत होते. तिथे त्यांनी वाढ खुंटलेले तरुण पाहिले. त्यांच्या जेवणात मुख्यतः बिनखमिराची रोटी असे आणि मांसमच्छी जवळजवळ नसे. धान्यातला फायटेट नावाचा घटक जस्ताला धरून ठेवतो आणि ते आतड्यातून रक्तात फारसं जाऊ देत नाही. पोट भरलेलं असूनही शरीर जस्ताविना राहतं, ते असं.

जुलाब झालेल्या मुलात हीच अडचण वेगाने घडते. पातळ शौचातून जस्त वाहून जातं, आणि लोह यकृतात साठतं तसा जस्ताचा वापरता येण्याजोगा साठा शरीरात नसतो. आतड्याचं आतलं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. ते नवं व्हायला जस्त लागतं, आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही लागतं. म्हणजे दुरुस्तीची गरज सर्वांत जास्त असते नेमकं तेव्हाच सामान संपलेलं असतं. आमच्याकडच्या कालवांत जस्त भरपूर असतं, पण वर्षाच्या आतबाहेरच्या लेकराला भर पावसात कालवं कोण देणार? त्याच्या वाटीत उकड्या तांदळाची पेज असते. पेज चांगलीच, ती थांबवायची नाही, पण जस्ताची तूट तिने भरत नाही.

जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा इतिहास जुलाबावर झिंक देण्याच्या आधीचा आहे. 1968 मध्ये ढाक्यात दिसून आलं की साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात एकत्र दिलं तर पटकीच्या रोग्याचं आतडंही पाणी शोषून घेतं. 1971 मध्ये बनगाव इथल्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी नातेवाइकांच्या हातून पाजायला दिलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. पण या पाण्याने मूल सुकायचं थांबतं, जुलाब लवकर थांबतातच असं नाही. आईला मात्र जुलाब थांबलेले हवे असतात. ते न थांबल्यामुळेच ती नको असलेल्या अँटिबायोटिककडे वळते.

ही उणीव भरायला झिंक आलं, आणि त्याचा मोठा पुरावा आपल्याच देशातून आला. दिल्लीत सहा महिने ते तीन वर्षांच्या 937 मुलांवर केलेला अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना रोज 20 मिलिग्रॅम झिंक दिलं होतं. त्यांच्यात जुलाब पुढे चालू राहण्याचा धोका 23 टक्क्यांनी कमी होता. जुलाब एका रात्रीत थांबले नाहीत, आजार थोडा आखडला इतकंच. हे आईला आधीच स्पष्ट सांगितलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी "गोळीन काय फरक पडूक नाय" म्हणून पट्टी बाजूला पडते.

चौदा दिवसांचं खरं उत्तर बांगलादेशातल्या मतलब इथल्या अभ्यासात आहे. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गावागावांतल्या आठ हजारांवर मुलांना, जुलाब लागले की प्रत्येक वेळी चौदा दिवस झिंक दिलं. जुलाबाचे दिवस सुमारे चोवीस टक्क्यांनी कमी झाले, आणि मुलांना पुन्हा जुलाब लागण्याचं प्रमाणही पंधरा टक्क्यांनी घटलं. माझ्या मते कळीची गोष्ट ही दुसरी आहे. पहिल्या तीन गोळ्या आजच्या आजारासाठी असतात. उरलेल्या अकरांनी रिकामं झालेलं शरीर पुन्हा भरतं, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब पुन्हा लागण्याची शक्यता कमी होते. कोकणात आषाढात मूल आजारी पडलं तर हे दोन-तीन महिने म्हणजे श्रावण, भाद्रपद आणि मागचापुढचा काळ. विहिरीचं पाणी गढूळ असतं, घरात माश्या असतात, आणि गणपतीला मुंबईची माणसं येऊन घर भरलेलं असतं.

मे 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने एकत्र निवेदन काढलं: नव्या, कमी क्षारांच्या ओआरएसबरोबर झिंक द्या. सहा महिन्यांच्या आतील बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यावरच्या मुलाला 20 मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस. दिवसांची ही सैल कड देशोदेशी वेगळी बसली. बांगलादेशाने दहा गोळ्यांची पट्टी काढली. भारताने चौदा दिवस धरले, आणि आपल्या कार्यक्रमात दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुलं घेतली. म्हणून दुकानातून दहा गोळ्यांची पट्टी आणली असेल तर चार गोळ्या आणखी घ्याव्या लागतात.

झिंक ओआरएसच्या पाकिटातच का घातलं नाही, असं एका अंगणवाडीताईंनी मला विचारलं होतं. ओआरएस मूल कमीजास्त पितं, म्हणजे झिंकही कमीजास्त जाईल. शिवाय जुलाब थांबले की ओआरएस थांबतं. झिंक तर त्यानंतरच दहा-अकरा दिवस द्यायचं असतं. दोघांचे शेवट वेगळे, म्हणून दोन्ही वेगवेगळी ठेवलेली बरी.

आता एका घराचं उदाहरण घेऊ. घरात चौदा महिन्यांची मुलगी आहे आणि तिचा चार महिन्यांचा चुलतभाऊ. 6 जुलैला दोघांनाही जुलाब लागले. मुलीसाठी मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. घरात एक लिटरची पाण्याची बाटली असते, तीच माप म्हणून वापरावी. पाकीट एकाच पेल्यात ओतलं तर पाणी फार खारट होतं आणि मूल उलट जास्त सुकतं. अर्धं पाकीट उद्यासाठी ठेवू नये, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावं. प्रत्येक पातळ शौचानंतर मुलीला पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्याने. ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

त्याच दिवशी पहिली गोळी. चमच्यात गोळी ठेवून थोडं उकळून गार केलेलं पाणी किंवा ओआरएस घातलं की ती मिनिटभरात विरघळते. चुरा करायची गरज नाही. तोंडाला धातूसारखी चव लागते म्हणून काही मुलं तोंड फिरवतात. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडली तर तेवढाच डोस पुन्हा द्यावा, थोडा थोडा करून. मुलीला रोज एक. 9 जुलैला जुलाब थांबले तरी शेवटची गोळी 19 जुलैला. आशाताई पट्टीवर पेनाने तारखा लिहून देतात, आणि हा मला माहीत असलेला सर्वांत कामाचा उपाय आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत, नेहमीची एकच द्यावी.

चार महिन्यांच्या भावाला अर्धी गोळी, आईच्या काढलेल्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. म्हणजे त्याला सात गोळ्या पुरतात. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. उरलेली अर्धी गोळी पावसाळी हवेत मऊ पडते, म्हणून वेष्टनातच दुमडून घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत झिंकचा फायदा मोठ्या मुलांइतका ठळक दिसलेला नाही, हेही खरं आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब असतील तर घरी काहीही ठरवू नये, थेट डॉक्टरांकडे न्यावं.

दुकानातून सिरप घेतलं तर लेबल नीट वाचावं लागतं. 20 मिलिग्रॅम हा आकडा निव्वळ झिंकचा आहे. झिंक सल्फेट मोनोहायड्रेट हा क्षार मोजला तर तेवढ्याच झिंकसाठी सुमारे 55 मिलिग्रॅम लागतो. लेबलावर मोठा आकडा दिसला म्हणून कमी देऊ नये, आणि पाच मिलिलिटरमध्ये किती झिंक आहे ते औषधवाल्याला विचारून मगच चमचा ठरवावा. चौदा दिवसांच्या पुढे आपल्या मनाने चालू ठेवू नये. जास्तीचं झिंक फार काळ दिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं.

डोसाचा आकडा अजून हलतो आहे. भारत आणि टांझानियातल्या 4500 मुलांवरचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 5 आणि 10 मिलिग्रॅमचा गुण 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी भरला नाही, आणि उलट्या कमी झाल्या. पण त्या अभ्यासात तिन्ही गटांना गोळी चौदा दिवसच दिली होती. म्हणजे प्रश्न मिलिग्रॅमचा होता, दिवसांचा नव्हता. हे वाचून सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या गोळीची घरी पाव गोळी करू नये. डॉक्टरांनी डोस बदलून दिला तर गोष्ट वेगळी.

शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, मूल सुस्तावलं, पिता येईना किंवा सगळं उलटून पडू लागलं, तर गोळी आणि पाकीट यांवर विसंबू नये. वाटेत ओआरएस पाजत उपकेंद्रातल्या ताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं. नदीला पूर येऊन रस्ता बंद व्हायच्या आत निघावं. आणि दवाखान्यातून परतल्यावर त्या पट्टीवरची शेवटची तारीख कुठली राहिली आहे, ते बघावं.