बजेट चुकलं की काम चुकलं? प्लॅनिंग आणि ऑपरेशनल व्हेरिअन्समागची पार्श्वभूमी

स्टँडर्ड कॉस्टिंग, म्हणजे खर्च किती यावा हे आधी ठरवून प्रत्यक्ष खर्च त्याच्याशी ताडणं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कारखान्यांत रुळलं. भाव स्थिर असताना वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेलं स्टँडर्ड वर्षभर पुरत असे. 1967 मध्ये असा विचार पुढे आला की वर्ष संपल्यावर, घडलेली परिस्थिती ठाऊक असताना, कोणतं स्टँडर्ड योग्य ठरलं असतं ते काढावं आणि कामाची तुलना त्याच्याशी करावी. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले, महागाई वाढली आणि या विचाराची गरज पटू लागली.

पुण्यात हा विषय खऱ्या अर्थाने तापला तो 2021 मध्ये. तेव्हा स्टीलचे भाव इतके चढले की भोसरी-चाकणच्या प्रेस शॉप्समधली बजेटं काही महिन्यांतच निरुपयोगी झाली. सोयीसाठी सोपे आकडे घेऊ. बजेट 10,000 ब्रॅकेट्सचं, प्रत्येकी 2 किलो स्टील, 50 रुपये किलो. नग तेवढेच निघाले, पण स्टील 21,000 किलो लागलं आणि 68 रुपयांनी पडलं. खर्च 4,28,000 रुपयांनी वाढला. जुन्या पद्धतीत यातले 3,78,000 भावापोटी म्हणून खरेदी विभागाच्या माथी बसतात, आणि जादा वापराचे फक्त 50,000 दिसतात.

आता बाजारभाव 70 होता असं धरा. 20,000 किलोवर 20 रुपये, म्हणजे 4,00,000 हा प्लॅनिंग व्हेरिअन्स, बजेटच चुकल्याने पडलेला फरक; तो कुणाच्या कामाचा दोष नाही. खरेदीने उलट 21,000 किलोवर 2 रुपये, म्हणजे 42,000 वाचवले. आणि 1,000 किलोची नासाडी 70च्या भावाने 70,000ची ठरते. हे दोन्ही ऑपरेशनल व्हेरिअन्स, म्हणजे प्रत्यक्ष कामामुळे पडलेले फरक. जुन्या हिशेबात शॉप फ्लोअरवरचा खरा दोष झाकला जात होता.

वाद नेमका त्या 70वर आहे. तोच भाव 66 धरला तर खरेदीची 42,000ची बचत 42,000चा तोटा होते. चार रुपयांवरून माणसाच्या वर्षभराच्या कामाचा निकाल बदलतो, आणि बैठकीत सुधारित भाव सुचवतो तो बहुधा खरेदीप्रमुखच. हे मला मान्य नाही. ज्याचं काम मोजायचं, त्याने मोजपट्टी ठरवू नये.

म्हणून अनेक व्हेंडर वाहन कंपनीशी झालेल्या आरएम सेटलमेंटचा, म्हणजे कच्च्या मालाच्या भावफरकाच्या करारातला, दर सुधारित स्टँडर्ड म्हणून घेतात. तो बाहेरून येतो, लेखी असतो. त्यातही एक उणीव आहे. सेटलमेंट बहुतेकदा तिमाही असते, त्यामुळे भाव चढताना तो दर मागे पडतो आणि खरेदीप्रमुख नाहक दोषी ठरतो. खरेदीच्या तारखांनुसार दर लावले की हे बरंचसं सुधारतं.

वापराच्या स्टँडर्डमध्ये मात्र मी फार सैल सोडत नाही. ग्राहकाने ड्रॉइंग बदलून पत्र्याची जाडी वाढवली, तर जादा वजन प्लॅनिंगमध्ये जातं. डाय झिजली, कापलेल्या कडांवरचे बर वाढले, नग रिजेक्ट झाले, तर ते ऑपरेशनलच. रिजेक्शन रजिस्टर आणि ड्रॉइंगच्या रिव्हिजनची तारीख शेजारी ठेवली की 1,000 किलोंपैकी किती कुठलं, ते कळतं.