ईमेल बदलला की फाइल्सचं काय होतं?

नोकरी सुटणार म्हणून क्लाउड स्टोरेजच्या अकाउंटवरचा ऑफिसचा ईमेल बदलायचाय, पण बटण दाबायला हात धजत नाही. सगळे फोटो उडाले तर?

उडत नाहीत, कारण सर्व्हरला तुमचा ईमेल म्हणजे तुम्ही वाटतच नाही. अकाउंट उघडतानाच तुम्हाला एक नंबर मिळालेला असतो, तो स्क्रीनवर सहसा दिसत नाही आणि बदलतही नाही. आत साधारण असं लिहिलेलं असतं:

```
account_id: 48213907
email: juna@example.com
```

फाइल्सची मालकी पहिल्या ओळीशी बांधलेली, तुम्ही बदलता ती फक्त दुसरी ओळ. म्हणून एकही फाइल हलत नाही, परत अपलोड करावी लागत नाही.

शेअरिंगमध्ये मात्र जरा गंमत आहे. जे फोल्डर तुम्ही आधीच स्वीकारलेत तिथे मेंबर म्हणून तुमचा नंबर नोंदलेला असतो, ते तसेच चालू राहतात, समोरच्याला फक्त नवा पत्ता दिसायला लागतो. लिंक पाठवून शेअर केलेलं असेल तर लिंकमध्ये ईमेल नसतोच, तीही चालते. अडतं ते न स्वीकारलेल्या आमंत्रणांशी! कोणीतरी juna@example.com ला फोल्डर पाठवला आणि तुम्ही तो उघडलाच नाही, तर तिथे नंबर नाही, नुसता पत्ता लिहिलाय. ईमेल बदलल्यावर तुम्ही त्या आमंत्रणातली लिंक दाबता आणि ‘परवानगी नाही’ असं येतं. मग समोरच्याने नव्या पत्त्यावर परत आमंत्रण पाठवायचं, दुसरा सोपा उपाय नाही, म्हणून बदलण्याआधी पेंडिंग आमंत्रणं स्वीकारून घ्या.

फोन आणि लॅपटॉप बहुतेक वेळा लॉगिनच राहतात. ॲप दरवेळी ईमेल-पासवर्ड पाठवत नसतं, पहिल्या लॉगिनला मिळालेलं टोकन दाखवत असतं आणि तेही नंबराशीच जोडलेलं. त्यामुळे कधीकधी ॲपमध्ये दोन दिवस जुनाच ईमेल दिसतो, सिंक मात्र व्यवस्थित चालू असतं. याचीच दुसरी बाजू अशी की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लॉगिन राहिलं असेल तर ईमेल बदलून ते सुटत नाही, सेटिंग्जमधल्या डिव्हाइसच्या यादीत जाऊन ते वेगळं काढावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. नवा ईमेल टाकला की ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ असं येतं, कारण कधीतरी कोणाचा तरी फोल्डर बघायला त्याच पत्त्यावर तुम्ही दुसरं, रिकामं अकाउंट उघडलेलं असतं. तेव्हा वैतागून त्या रिकाम्या अकाउंटमध्ये फाइल्स कॉपी करत बसू नका, कॉपीला नवा मालक मिळतो आणि जुने शेअर तिच्यासोबत येत नाहीत. त्या रिकाम्या अकाउंटचा ईमेल आधी तिसऱ्याच कुठल्यातरी पत्त्यावर हलवा, मग मोकळा झालेला पत्ता खऱ्या अकाउंटला द्या, आणि हे जुन्या मेलबॉक्समध्ये शिरता येतंय तोवरच, कारण काही सेवा बदल करण्याआधी तिथेही कोड पाठवतात.