वाऱ्याचा वेग आणि पाण्याची उंची

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, मेक्सिकोच्या आखाताला लागून, पास क्रिश्चियन नावाचं छोटं शहर आहे. १७ ऑगस्ट १९६९ च्या रात्री तिथे कॅमिल हे चक्रीवादळ आदळलं. ते पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं होतं. समुद्राचं पाणी सात मीटरांहून वर चढलं. छत्तीस वर्षांनी, २९ ऑगस्ट २००५ ला, त्याच किनाऱ्यावर कतरिना आलं. जमिनीला लागेपर्यंत ते तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरलं होतं. कॅमिलमध्ये ज्या घराला पाणी शिवलं नाही त्याला याचं काय भय, असा हिशेब करून अनेक जण घर सोडून गेलेच नाहीत. या वेळी पाणी साडेआठ मीटरांपर्यंत आलं.

वारा कमी आणि पाणी जास्त, हे कसं झालं? त्यासाठी वादळ नेमकं कशावर चालतं, इथपासून सुरुवात करायला हवी.

चक्रीवादळाचं इंधन म्हणजे समुद्रातली उष्णता, आणि ती हवेत चढते बाष्पाच्या रूपात. एक लिटर पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या साधारण सहापट उष्णता त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. ही उष्णता नाहीशी होत नाही, बाष्पात दडून राहते. दमट हवा वर चढून थंड झाली, बाष्पाचे ढग बनले, की ती तिथे मोकळी होते. त्यामुळे ढगातली हवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम आणि हलकी राहते आणि आणखी वर चढते. हवेचा हा सगळा स्तंभच हलका झाला की त्याच्या तळाशी, समुद्राच्या पृष्ठभागावर, हवेचा दाब उतरतो. दाब उतरला की चहूबाजूंनी वारा आत धावतो. वारा वाढला की समुद्रावरून बाष्प अधिक वेगाने उचललं जातं. म्हणजे वादळ जितकं जोरात फिरतं तितकं त्याला अधिक इंधन मिळत जातं.

हे चक्र सुरू व्हायला पाणी साधारण २६.५ अंश सेल्सियसपेक्षा गरम असावं लागतं. नुसता वरचा थर तापलेला असून भागत नाही. वादळी वारा समुद्र घुसळतो आणि खालचं थंड पाणी वर आणतो. उबदार थर पातळ असेल तर वादळ आपल्याच पायाखालचं इंधन थंड करून टाकतं. म्हणून सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत पाणी उबदार असणं महत्त्वाचं. कतरिना आखातात आलं तेव्हा त्याच्या वाटेत असाच एक खोलवर तापलेला प्रवाह होता, आणि २८ ऑगस्टला वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत पोचला.

विषुववृत्तावर पाणी भरपूर गरम असतं, तरी तिथे चक्रीवादळं होत नाहीत. आत धावणाऱ्या वाऱ्याला गोल वळवायला पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा परिणाम लागतो आणि विषुववृत्ताजवळ, दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांपर्यंत, तो फारच क्षीण असतो. तिथे वारा सरळ आत शिरून कमी दाबाची पोकळी भरून काढतो. शिवाय समुद्रालगतचा वारा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्यात फार फरक असून चालत नाही. तसा फरक असेल तर उष्णतेचा स्तंभ तिरका होऊन फाटतो. उन्हाळ्यात समुद्र सगळीकडे तापलेला असूनही वादळं मोजकीच होतात, त्यामागे अशा अटी असतात.

आता पाण्याकडे वळू. वादळामुळे समुद्राची पातळी नेहमीच्या भरती-ओहोटीच्या वर जितकी चढते, त्याला वादळी उधाण म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी असते की वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असल्याने समुद्र वर ओढला जातो आणि तेच उधाण. दाबाचा वाटा खरोखर असतो, पण तो मोजता येतो आणि लहान निघतो. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढतं. किनाऱ्याला लागताना कतरिनाच्या केंद्रात दाब ९२० हेक्टोपास्कल होता, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे ९० ने कमी. त्याने पाणी ९० सेंटिमीटर वर आलं असेल. साडेआठ मीटरांतले उरलेले साडेसात मीटर कुठून आले?

बहुतेक सगळे वाऱ्याने आणले. वारा पाण्याचा पृष्ठभाग किनाऱ्याकडे ढकलत राहतो. समुद्र खोल असेल तर वर पुढे गेलेलं पाणी तळाकडून मागे परततं, आणि पातळी जवळपास तशीच राहते. उथळ समुद्रात परतायला खाली जागाच नसते. परातीत बोटभर पाणी घेऊन जोरात फुंकर मारली तर पाणी पलीकडच्या काठाला चढतं. भरलेल्या बादलीवर तशीच फुंकर मारली तर पातळीत फरक दिसत नाही.

याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. पाणी किती चढेल हे वाऱ्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. वारा किती लांब पट्ट्यावरून वाहतो त्या प्रमाणात ते वाढतं, आणि खोली जितकी जास्त तितकं ते कमी होतं. समजा, ताशी १४४ किलोमीटरचा वारा शंभर किलोमीटरच्या पट्ट्यावरून किनाऱ्याकडे वाहतोय. समुद्र हजार मीटर खोल असेल तर पाणी पाच सेंटिमीटरही चढत नाही. त्याच पट्ट्याची खोली वीस मीटर असेल तर ते सुमारे सव्वादोन मीटर चढतं, आणि दहा मीटर असेल तर साडेचार मीटरांच्या पुढे जातं. वारा तोच, वादळ तेच, बदलला तो फक्त समुद्राचा तळ. प्रत्यक्षात वादळ सरकत असतं, त्यामुळे पाण्याला ही पूर्ण उंची गाठायला नेहमीच वेळ मिळतो असं नाही. उलट किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा आपल्या धक्क्याने पाणी आणखी वर रेटतात. पण आकड्यांतून मुख्य गोष्ट कळते.

मिसिसिपीच्या किनाऱ्यापुढचा समुद्र दूरवर उथळ आहे. त्यात कतरिनाचा आकार प्रचंड होता. कॅमिलचे सर्वांत जोराचे वारे केंद्रापासून साधारण शंभर किलोमीटरच्या आत सामावले होते, कतरिनाचे त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर पसरले होते. म्हणजे पाणी ढकलणारा पट्टा लांब आणि ढकलायला मिळालेला वेळही जास्त. शिवाय आदल्या दिवशी पाचव्या श्रेणीत असताना उठलेल्या लाटा वारा मंदावल्यावरही किनाऱ्याकडे येतच राहिल्या. श्रेणी ठरते ती फक्त वाऱ्याच्या कमाल वेगावरून, त्यामुळे यातलं काहीच तिच्यात दिसत नाही. माझ्या मते वादळाच्या बातमीत श्रेणीला सर्वांत मोठं अक्षर देण्याची सवय घातक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रानेही २०१० मध्ये श्रेणींच्या तक्त्यातून उधाणाची उंची काढून टाकली, कारण श्रेणीवरून ती सांगता येत नव्हती.

उथळ समुद्र आणि निमुळता होत जाणारा किनारा यांची सर्वांत भयंकर जोडी बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला आहे. नद्यांनी आणलेल्या गाळाने तिथला तळ दूरपर्यंत उथळ झालेला आहे, आणि किनारा दोन्ही बाजूंनी आत वळत असल्याने ढकललेल्या पाण्याला बाजूला पसरायलाही वाव नाही. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तिथे आलेल्या वादळाचा वारा ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास होता. इतक्या वाऱ्याची वादळं जगात दर वर्षी होतात. पण हे भरतीच्या वेळी आलं. भोला, मनपुरा, हातिया ही बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम वर. सहा मीटर आणि काही ठिकाणी त्याहून उंच पाणी झोपलेल्या गावांवरून गेलं. मृतांचा अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातो.

त्यानंतरच्या महिन्यांत आल्फ्रेड सॉमर आणि वायली मॉस्ली या डॉक्टरांनी तिथल्या कुटुंबांची पाहणी केली. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर, दंडांच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खोल खरचटलेल्या जखमा त्यांना दिसल्या. ही माणसं झाडांच्या बुंध्यांना मिठी मारून राहिली होती आणि लाटांच्या माऱ्यात त्यांची कातडी सालीवर घासली गेली होती. मिठी टिकवण्याची ताकद ज्यांच्यात होती, ते वाचले. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सर्वाधिक दगावली, तरुण पुरुष सर्वांत कमी.

पाणी इतकं का मोडतं, याचं उत्तर त्याच्या वजनात आहे. एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या आसपास भरते, तेवढंच पाणी एक टन. ताशी अकरा किलोमीटरने वाहणारं पाणी भिंतीवर जेवढा रेटा देतं, तेवढा द्यायला वाऱ्याला ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेग लागेल. त्यात मोडलेल्या घरांचे वासे, नावा, झाडं वाहत येतात आणि पुढच्या घरांवर आदळतात. लाकडी घरं पायावरून उचलली जातात. एरवी दूर उथळ पाण्यात फुटून जाणाऱ्या लाटा उधाणाच्या पाठीवर बसून थेट वस्तीत पोचतात. आणि वारा फिरला की साठलेलं पाणी समुद्राकडे परत धावतं, तेव्हा रस्ते आणि पाये खालून खरवडून नेतं.

उधाणाचा अंदाज बांधणं अजूनही कठीण आहे, कारण वादळाची वाट थोडी चुकली तरी निकाल उलटतो. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजवीकडे वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, डावीकडे जमिनीकडून समुद्रात जातो. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ फ्लोरिडातून जात असताना टँपा उपसागरातलं पाणी वाऱ्याने बाहेर ढकललं गेलं, आणि लोक उघड्या पडलेल्या तळावर चालायला उतरले. अशा वेळी तळावर उतरणं जिवावर बेतू शकतं, कारण वारा फिरताच पाणी परत येतं. वाट थोडी वेगळी असती तर तिथेच मीटरभर किंवा जास्त पाणी चढलं असतं. म्हणून हवामान केंद्रं एकाच वाटेवर विसंबत नाहीत. वाट, वेग आणि आकार थोडा थोडा बदलून संगणकावर शेकडो वादळं सोडली जातात आणि प्रत्येक ठिकाणी पाणी कुठवर चढू शकतं हे पाहिलं जातं. इशारा द्यायचा तो बहुतेक वेळा सरासरीवर नाही, तर त्यातल्या वाईट शक्यतांवर.

बांगलादेशात १९७२ पासून गावोगावच्या स्वयंसेवकांमार्फत असे इशारे घरापर्यंत नेण्याची व्यवस्था आहे. सोबत काँक्रीटचे निवारे बांधले गेले. त्यांतल्या बऱ्याच निवाऱ्यांचा तळमजला भिंतींशिवाय, नुसत्या खांबांवर उभा असतो. पाण्याला अडवणारी भिंत नसली की रेटा घ्यायलाही काही उरत नाही. उधाण खांबांमधून निघून जातं, आणि माणसं वरच्या मजल्यावर असतात.